एफ अँड ओमध्ये लॉस झालाय आणि वरून टॅक्स ऑडिटची नोटीस आलीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात टॅक्स रिटर्न भरायचं काम करतो, आणि गेल्या काही वर्षांत फ्युचर अँड ऑप्शनवाले इतके वाढलेत की शाहूपुरीतल्या दुकानदारापासून शिरोली एमआयडीसीतल्या सुपरवायझरपर्यंत सगळे एकच प्रश्न घेऊन येतात. खाली तेच प्रश्न घेतलेत. उदाहरण एकच ठेवलंय, आकडे सोपे करून, म्हणजे शेवटपर्यंत त्याच माणसाच्या मागं जाता येईल.

मला तर तोटा झालाय, कमाईच नाही, मग नोटीस कशाची?

हा सगळ्यात पहिला प्रश्न असतो आणि विचारताना माणूस चिडलेला असतो, ते साहजिकच आहे. पण कसंय बघा, इन्कम टॅक्सच्या दृष्टीनं एफ अँड ओ म्हणजे धंदा आहे. कलम 43(5) मध्ये मान्यताप्राप्त एक्सचेंजवरच्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांना सट्ट्याच्या व्याख्येतून बाहेर काढलंय, त्यामुळं हा तोटा साधा बिझनेस लॉस धरला जातो (शेअरचं इंट्राडे मात्र सट्ट्यातच मोडतं, त्याचा हिशोब वेगळा ठेवायचा). आणि धंदा म्हटला की टर्नओव्हर आला, नफा-तोटा पत्रक आलं, बॅलन्स शीट आली, ऑडिट लागतं का नाही हा प्रश्न आला. नोटीस तोट्याबद्दल नसते, तुम्ही फॉर्ममध्ये धंद्याची माहिती अर्धवट किंवा एकमेकांशी न जुळणारी भरलीय याबद्दल असते.

नोटीस नेमकी कुठली आहे ते कसं ओळखायचं?

वरचं कलम वाचा. तोटावाल्या ट्रेडरला बहुतेक वेळा 139(9) ची येते, तिला डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस म्हणतात आणि ती बेंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न प्रोसेस करणाऱ्या केंद्राकडून निघते. 143(2) असेल तर ती स्क्रुटिनी, 142(1) असेल तर चौकशी, त्या दोन्हींचं उत्तर वेगळ्या पद्धतीनं द्यावं लागतं आणि तिथं सीएला सोबत घ्याच. इथून पुढं सगळं 139(9) बद्दल आहे.

अजून एक, मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. नोटिशीवर डीआयएन नंबर असतो, तो incometax.gov.in वर Authenticate Notice/Order Issued by ITD मध्ये टाकून बघा, त्याला लॉगिन पण लागत नाही. तिथं सापडली नाही तर ती खरी धरून चालू नका.

लॉस असला की ऑडिट करावंच लागतं असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. हा समज जुन्या कायद्यातून राहिलाय. कलम 44एडी म्हणजे छोट्या धंद्यानं टर्नओव्हरच्या ठरावीक टक्क्यानं अंदाजे नफा दाखवायची सोय. 2016 च्या फायनान्स ॲक्टनं ते बदललं, त्याच्या आधी 8 टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला की ऑडिट मागं लागायचं. आता तसं नाही. नुसता लॉस झाला म्हणून ऑडिट लागत नाही.

आता ऑडिट दोन दारांनी आत येतं. पहिलं दार टर्नओव्हरचं. कलम 44एबीत मूळ मर्यादा 1 कोटी आहे, पण रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील तर ती 10 कोटी होते, आणि एफ अँड ओमध्ये सगळा पैसा बँकेतूनच फिरतो त्यामुळं तुम्हाला 10 कोटीच लागू. (त्याच नावावर दुसरा रोखीचा धंदा असेल, म्हणजे समजा लक्ष्मीपुरीत दुकान आहे, तर दोन्ही धंदे मिळून बघायचं, मग 5 टक्क्यांची अट मोडू शकते.)

दुसरं दार 44एडीचं, आणि लोक फसतात ते इथं. मागच्या पाच वर्षांत कधी आयटीआर-4 भरून 6 किंवा 8 टक्के नफा दाखवला असेल आणि यंदा लॉस दाखवून त्यातून बाहेर पडलात, तर 44एडी(4) आणि (5) लागतं, म्हणजे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट करावंच लागतं, टर्नओव्हर कितीही छोटा असला तरी. नोकरदाराचा पगार त्या मर्यादेच्या वरच असतो, आणि एफ अँड ओचा लॉस पगारातून वजा होत नाही, त्यामुळं "पण माझं नेट तर मायनस आहे" हे इथं चालत नाही.

म्हणून नोटीस हातात आली की आधी मागच्या पाच वर्षांचे रिटर्न पोर्टलवरून डाउनलोड करा आणि कुठला आयटीआर भरलाय ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

टर्नओव्हर काढायचा कसा? ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये तर कोटीच्या कोटी दिसतात.

कॉन्ट्रॅक्ट व्हॅल्यू म्हणजे टर्नओव्हर नाही. आयसीएआयच्या टॅक्स ऑडिटच्या गाइडन्स नोटप्रमाणं प्रत्येक सौद्याचा फरक घ्यायचा, नफा असो का तोटा, वजाबाकीचं चिन्ह काढून टाकायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. समजा तीन सौदे झाले, एकात 12,000 मिळाले, दुसऱ्यात 20,000 गेले, तिसऱ्यात 3,000 मिळाले. टर्नओव्हर झाला 35,000 आणि निव्वळ तोटा 5,000.

ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियम आधीच्या गाइडन्स नोटप्रमाणं याच्यात वेगळा मिळवायचे, आणि त्यामुळं टर्नओव्हर फुगायचा. 2022 च्या आवृत्तीत स्पष्ट केलंय की प्रीमियम नफा-तोट्याच्या हिशोबात आधीच आला असेल तर परत वेगळा धरायचा नाही. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून अजून काही जण प्रीमियम मिळवतात, ते करू नका.

ब्रोकरच्या साइटवर टॅक्स पी अँड एल नावाचा रिपोर्ट असतो, त्यात हा आकडा मिळतो. ट्रेडवाइज आणि स्क्रिपवाइज असे दोन प्रकार असतील तर ट्रेडवाइज घ्या, तो मोठा येतो पण गाइडन्स नोटच्या भाषेला तोच जवळचा आहे.

एखाद्या खऱ्या केससारखं समजावून सांगा ना.

सांगतो. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेला माणूस धरा, वय पस्तीस. आर्थिक वर्ष 2023-24, पगार 7,20,000, नवीन टॅक्स रिजीम. शिवाय एफडीचं व्याज 45,000. त्या वर्षी पहिल्यांदाच निफ्टी आणि बँक निफ्टीचे ऑप्शन केले. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये नफ्याच्या सौद्यांची बेरीज 14,10,000, तोट्याच्या सौद्यांची 17,62,000. म्हणजे तोटा 3,52,000, आणि ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, एक्सचेंज चार्जेस, स्टॅम्प ड्युटी मिळून 61,000. एकूण लॉस 4,13,000. (एसटीटी कॅपिटल गेनमध्ये वजा मिळत नाही, पण इथं धंदा आहे म्हणून मिळते, ती सोडू नका.) टर्नओव्हर 14,10,000 अधिक 17,62,000, म्हणजे 31,72,000.

त्यानं 28 जुलै 2024 ला स्वतःच आयटीआर-3 भरला. मुदत 31 जुलैची होती, म्हणजे वेळेत भरला, ही एक गोष्ट त्यानं लई चांगली केली. पण दोन चुका झाल्या. पहिली, टर्नओव्हरच्या जागी विकलेल्या प्रीमियमची सगळी बेरीज टाकली, 2,40,00,000. आणि पुढं Audit Information मध्ये विचारतात की टर्नओव्हर 1 कोटी ते 10 कोटीच्या मधे आहे का, रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत आहे का, रोखीचा खर्च 5 टक्क्यांच्या आत आहे का, तिथं रोखीच्या दोन्ही प्रश्नांना No केलं, कारण त्याला वाटलं "रोखीचा व्यवहार आहे का" असं विचारतायत, आणि आपण तर रोखीत काहीच केलं नाही. म्हणजे फॉर्मच्या भाषेत त्यानं लिहून दिलं की धंदा 2.40 कोटीचा आहे आणि रोख 5 टक्क्यांच्या वर आहे. एवढं लिहिल्यावर ऑडिट लागतंच, आणि ऑडिट रिपोर्ट तर नव्हता. सिस्टीमनं ते बरोबर पकडलं.

दुसरी चूक, बॅलन्स शीट आणि नफा-तोटा पत्रक रिकामं ठेवून फक्त "नो अकाउंट केस"च्या रकान्यात चार आकडे भरले. वह्या ठेवायची गरज नसेल तर तो रकाना चालतो. पण कलम 44एए प्रमाणं टर्नओव्हर 25 लाखांच्या वर गेला की वह्या ठेवाव्या लागतात, नवीन धंदा असेल तर त्या वर्षी तेवढा होण्याची शक्यता असली तरी. याचा 31,72,000 होता, म्हणजे पूर्ण पत्रकं भरायला हवी होती.

उत्तर द्यायला किती दिवस मिळतात?

15 दिवस. अर्ज करून मुदत वाढवून मागता येते, कायद्यात तशी सोय आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. नोटीस मेलवर येते आणि बऱ्याच जणांचा मेल आयडी कॉलेजच्या वेळचा असतो नाहीतर ज्यानं रिटर्न भरून दिला त्याचा असतो, मग नोटीस आलेली कळतच नाही. रिटर्न भरल्यावर महिन्यातून एकदा लॉगिन करून बघत जा.

आणि उत्तर दिलंच नाही तर?

तर रिटर्न इनव्हॅलिड, म्हणजे भरलाच नव्हता असं धरतात. मग कलम 80 प्रमाणं लॉस पुढं नेता येत नाही, कारण त्यासाठी मुदतीत भरलेला रिटर्न लागतो.

आपल्या माणसाचं बघा. त्याचा लॉस पगारातून वजा होत नाही, पण एफडीच्या व्याजातून होतो. रिटर्न चालू राहिला तर 45,000 व्याज तिथंच संपतं, उरलेला 3,68,000 लॉस पुढं जातो आणि करपात्र उत्पन्न राहतं पगाराचं, स्टँडर्ड डिडक्शनचे 50,000 वजा जाऊन 6,70,000. त्या वर्षी नवीन रिजीममध्ये 7 लाखांपर्यंत रिबेट होती, म्हणजे टॅक्स शून्य. रिटर्न इनव्हॅलिड झाला तर लॉस गेला, उत्पन्न 7,15,000, आणि मार्जिनल रिलीफ धरूनसुद्धा सेससकट 15,600 टॅक्स, त्यावर व्याज आणि लेट फी वेगळी. आधीच चार लाख गेलेल्या माणसाला हे परत कशाला पाहिजे, म्हणून मी या 15 दिवसांच्या मागं एवढा लागतो.

मुदत चुकलीच असेल तरी गप्प बसू नका. असेसमेंट व्हायच्या आत दुरुस्ती केली तर अधिकाऱ्याला उशीर माफ करायचा अधिकार 139(9) मध्येच आहे. त्याच्याही पुढं 119(2)(ब) खाली कमिशनरकडं माफीचा अर्ज करता येतो, त्याचे आत्ताचे नियम सीबीडीटीच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या सर्क्युलरमध्ये आहेत. पण तो रस्ता लांबचा आहे आणि कारण खरं आणि कागदानिशी लागतं.

Agree करायचं का Disagree?

लॉगिन करून Pending Actions मध्ये e-Proceedings उघडा, तिथं नोटीस दिसेल, Submit Response ला गेलं की हे दोन पर्याय येतात.

स्वतःला एकच प्रश्न विचारा, मी भरलेला फॉर्म बरोबर होता का? ऑडिट लागत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण फॉर्ममध्ये तुम्हीच चुकीचा आकडा टाकलाय तर डिफेक्ट खराच आहे. Agree करा आणि दुरुस्त रिटर्न द्या. Agree म्हणजे "ऑडिट लागतं हे मला मान्य" असं होत नाही, "फॉर्ममध्ये चूक होती, ही घ्या दुरुस्ती" एवढंच होतं. लोक इथं घाबरून Disagree करतात आणि खाली मोठं पत्र लिहितात, पण आकडा 2.40 कोटीचाच राहतो, मग पत्राचा उपयोग होत नाही.

Disagree फक्त तेव्हा, जेव्हा टर्नओव्हर बरोबर, रोखीची उत्तरं बरोबर, पत्रकं भरलेली, आणि तरी नोटीस आलीय. तेव्हा थोडक्यात मुद्द्याचं लिहायचं, म्हणजे साधारण असं: माझा एफ अँड ओ टर्नओव्हर अमुक आहे, तो सौद्यांच्या फरकांची बेरीज करून काढलाय, रोखीची जमा आणि खर्च शून्य आहे, मागच्या पाच असेसमेंट वर्षांत मी 44एडी खाली उत्पन्न दाखवलेलं नाही, त्यामुळं 44एबीचं कुठलंच पोटकलम मला लागू होत नाही, नफा-तोटा पत्रक आणि बॅलन्स शीट रिटर्नमध्ये भरलेली आहे. एवढं पुरे. बाजार कसा पडला, कुणी टिप दिली, घरची परिस्थिती काय, हे तिथं लिहू नका, ते वाचून निर्णय बदलत नाही.

Submit झालं की उत्तर मागं घेता येत नाही का बदलता येत नाही, त्यामुळं आधी दोनदा वाचा.

दुरुस्त रिटर्नमध्ये काय काय बदलायचं?

आपल्या माणसाच्या केसमध्ये असं केलं. आयटीआर-3 परत भरताना फायलिंगच्या कलमात 139(9) निवडलं, मूळ रिटर्नचा ॲक्नॉलेजमेंट नंबर, नोटिशीचा नंबर आणि तारीख टाकली. इथं Revised म्हणजे 139(5) निवडू नका, ते नोटिशीचं उत्तर धरलं जात नाही.

मग ट्रेडिंग अकाउंट. टर्नओव्हर आणि लॉस दोन्ही जुळायला पाहिजेत, त्यासाठी बरेच सीए जी पद्धत वापरतात तीच घेतली, विक्रीच्या बाजूला 31,72,000 आणि खर्चाच्या बाजूला 35,24,000, म्हणजे ग्रॉस लॉस बरोबर 3,52,000. नफा-तोटा पत्रकात 61,000 चे चार्जेस, खाली निव्वळ लॉस 4,13,000.

बॅलन्स शीटला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि ती तर ब्रोकरच्या लेजरवरून दहा मिनिटांत होते. त्या वर्षात बँकेतून ट्रेडिंग खात्यात टाकलेले 5,50,000, परत काढलेले 1,00,000, लॉस 4,13,000. राहिले 37,000. कॅपिटल 37,000 आणि समोर ब्रोकरकडं जमा 37,000, झाली बॅलन्स शीट. 31 मार्चला ब्रोकरच्या लेजरमध्ये पण 37,000 च दिसायला पाहिजेत. नाही जुळलं तर बहुतेक कुठला तरी चार्ज राहिलेला असतो, नाहीतर 31 मार्चला उघडी पोझिशन असते, ते शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

शेवटी Audit Information. 44एए खाली वह्या ठेवायला बांधील, Yes. टर्नओव्हर 1 कोटी ते 10 कोटी, No. 44एबी खाली ऑडिट, No.

माझ्या केसमध्ये 44एडी निघालंच. आता?

समजा याच माणसानं आदल्या वर्षी आयटीआर-4 भरून बायकोसोबतच्या मसाल्याच्या घरगुती धंद्यावर 44एडी घेतलं असतं. मग चित्र बदलतं, कारण पगार करमुक्त मर्यादेच्या (त्या वर्षी नवीन रिजीममध्ये 3 लाख) वर आहे. अशा वेळी No ला No करत बसू नका. सीएकडून ऑडिट करून घ्या, ते फॉर्म 3सीबी आणि 3सीडी अपलोड करतील, तुम्ही पोर्टलवर तो ॲक्सेप्ट करायचा (हे राहून जातं आणि रिपोर्ट तसाच लटकतो), आणि मग त्याची तारीख टाकून दुरुस्त रिटर्न द्यायचा. 15 दिवस कमी पडतात, म्हणून नोटीस आल्या दिवशीच सीएला फोन करा.

ऑडिट उशिरा झालं म्हणून 271बी खाली दंड होऊ शकतो, टर्नओव्हरच्या अर्धा टक्का किंवा 1,50,000, जे कमी असेल ते. 31,72,000 वर तो 15,860 होतो. पण तो आपोआप लागत नाही, वेगळी नोटीस येते, आणि वाजवी कारण दाखवलं तर 273बी प्रमाणं माफ होऊ शकतो.

कोल्हापूरच्या इन्कम टॅक्स ऑफिसला जाऊन भेटलं तर लवकर मिटेल का?

139(9) चं काम सीपीसीकडं ऑनलाइन चालतं, इथल्या ऑफिसात कागद देऊन पोर्टलवरची नोटीस बंद होत नाही. कुणी "साहेबांना सांगून बंद करतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

उत्तर दिलं, आता लॉस पुढं गेला हे कसं कळणार?

काही काळानं 143(1) ची इंटिमेशन येईल, ती नीट वाचा. दुरुस्त रिटर्नचा ॲक्नॉलेजमेंट नंबर त्यात आहे का बघा, आणि लॉसच्या तक्त्यात 3,68,000 दिसतायत का ते बघा. कमी दिसले किंवा शून्य दिसले तर रेक्टिफिकेशनची रिक्वेस्ट टाका. पुढच्या वर्षीचा आयटीआर-3 भरताना सीएफएल शेड्यूलमध्ये हा आकडा आणि मूळ रिटर्नची तारीख, म्हणजे 28 जुलै 2024, हाताने तपासा. हा लॉस आठ असेसमेंट वर्षं, 2032-33 पर्यंत, पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, पण त्याच्यासाठी दर वर्षीच्या रिटर्नमध्ये तो तसाच पुढं ओढत न्यायला लागतो.